आठ नंबरची दोरी

मीटरभाऊंची आणि माझी ओळख भांडणातूनच झाली. आमच्या वृद्धाश्रमात शिवणकाम माझ्याकडे. चादरी, अभ्रे, पडदे, आजोबांच्या सदऱ्यांची तुटकी बटणं, सगळं माझ्या गळ्यात. माझी खोली तळमजल्यावर, धुलाईघराला लागून, आणि पलीकडे दुरुस्तीची खोली. तिथे हा नवा माणूस रुजू झाला आणि मी जेवायला गेले असताना माझा खण उघडून त्याने सगळी रिळं उपसली, आणि स्वतःच्या मनाने पुन्हा लावून ठेवली. मी येऊन बघते तर काय, काळं रीळ एका टोकाला, पांढरं दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये सगळे रंग शाळेतल्या पोरांसारखे रांगेत!

"हा उद्योग कोणी केला?" मी दारातूनच ओरडले.

"मी केला, ताई," भिंतीपलीकडून शांत आवाज आला. "बटण लावायला दोरा शोधत होतो. फार गोंधळ होता. आता कसं, काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. एकदा डोक्यात बसलं की अंधारातसुद्धा हात बरोबर पडेल."

"अहो, मला दोरा हवा असतो, पाढे नकोत!"

मी तणतणले खरी, पण ती रांग मी मोडली नाही. खरं सांगायचं तर सोयीची होती. आजही माझ्या खणात रिळं तशीच आहेत, आणि हात तसाच पडतो.

माणूस कसा होता म्हणाल, तर उंच, वाकलेला, दाढी रोज घोटून केलेली, आणि शर्टाच्या खिशात सदानकदा वीज मोजायचं मीटर. त्या मीटरच्या दोन वायरी, एक लाल, एक काळी, खिशातून लोंबत असायच्या. म्हणून सगळे त्यांना मीटर म्हणायचे, मी मीटरभाऊ. पंखा दुरुस्त करायला बोलावलं तर आधी मोजणार, मग बोलणार. कुणी म्हणालं, "अहो, नुसतं बटण सैल झालंय," तर म्हणायचे, "असेल. बघू." त्यांचं ते 'बघू' ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जायची.

एरवी मोठ्या कारखान्यात काम केलेला माणूस आमच्या इथे कशाला आला असता? आला तो बायकोसाठी. वहिनींना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत, गिळताना त्रास. घरी एकट्याने करणं होईना. मग त्यांना इथे वरच्या मजल्यावर आठ नंबरची खोली मिळाली आणि मीटरभाऊंनी कारखाना सोडून आमची नोकरी धरली. दर थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून वर जायचे. "वरचा दिवा लुकलुकतोय म्हणतात, बघून येतो." दिवा कसला लुकलुकतोय! वहिनीच मला हसत सांगायच्या, एकेक शब्द जोडत, "सगळ्या मजल्यावरचे दिवे... माझ्याच खोलीत... बिघडतात."

गोड बाई होती हो. माझ्याकडून डाव्या हाताने टाके घालायला शिकली. एका रुमालाला कड घालायला तिला किती तरी दिवस लागले, आणि झाल्यावर तो रुमाल तिने नवऱ्याच्या खिशात कोंबला, मीटरच्या मागे.

आता तुम्हाला त्या घंटीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. वरच्या मजल्यावर एका ओळीत नऊ खोल्या. प्रत्येक खाटेशेजारी एक दोरी. म्हाताऱ्या माणसाला काही हवं असलं की दोरी ओढायची, मग जिन्याजवळच्या टेबलावर घंटी वाजते आणि बोर्डावर त्या खोलीचा दिवा लागतो. मला वाटायचं, नऊ खोल्यांच्या नऊ वायरी असतील. मीटरभाऊ म्हणाले, नाही, खरं तर एकच साखळी आहे. त्यांनी मला हातावर एक दाणा ठेवून दाखवला. दोन्ही बाजूंना तार आणि मधल्या पोटावर रंगीत पट्टे.

"हा रेझिस्टर. विजेच्या वाटेतला अडथळा म्हणा. वाचा बरं, रिळं आठवून."

"तपकिरी, काळा, लाल. एक, शून्य, दोन. एकशे दोन?"

"पहिले दोन पट्टे आकड्यांचे. तिसरा म्हणजे पुढे किती शून्यं द्यायची. लाल म्हणजे दोन शून्यं."

"दहावर दोन शून्यं. हजार."

"हजार ओहम. अडथळा मोजायचं माप आहे ते. प्रत्येक खोलीच्या पेटीत असा एक. तीन नंबरची दोरी ओढली की वीज तीन दाणे पार करून परत येते, बोर्डाला तीन हजार दिसतात, तो तिनाचा दिवा लावतो. आठ नंबरला आठ हजार."

"आणि हा शेवटचा सोनेरी पट्टा? नटवायला?"

तेव्हा ते हसले. क्वचित हसायचे. "तो सर्वांत महत्त्वाचा. जगात कोणताच दाणा बरोबर हजाराचा नसतो, ताई. सोनेरी म्हणजे शंभराला पाच इकडे किंवा पाच तिकडे. साडेनऊशे ते एक हजार पन्नास, यात कुठेही असला तरी तो खोटा नाही. चंदेरी असला तर शंभराला दहा. नऊशेपासून अकराशेपर्यंत. कारखान्यात याला टॉलरन्स म्हणतात. तुमच्या कापडात नाही का, अर्धा बोट इकडेतिकडे चालतं."

"माझ्याकडे नाही चालत," मी म्हटलं. ते तर खोटंच होतं, पण त्यांच्यापुढे कोण कमीपणा घेईल!

पुढे कधीतरी वरच्या मजल्याचा नळ भिंतीच्या आत फुटला. पाणी त्या भिंतीतून उतरलं आणि दोऱ्यांच्या पेट्या सडल्या. घंटी मुकी झाली. बाकीच्या म्हाताऱ्यांनी हाका मारून निभावलं, पण वहिनींचा आवाज दारापर्यंतसुद्धा पोचायचा नाही. त्या रडकुंडीला आल्या. मी गेले तेव्हा डाव्या हाताने ती मेलेली दोरी धरून बसल्या होत्या. नवऱ्याला म्हणाल्या, "भीती वाटते." एवढंच.

मीटरभाऊंनी सोनेरी पट्ट्याचे दाणे मागवले होते, ते काही येईनात. दुकानदार आज-उद्या करत होता. शेवटी ते त्यांच्या जुन्या सामानाच्या डब्यातून एक पाकीट घेऊन वर गेले. मी पेटीवरचं झाकण धरायला गेले होते, म्हणून मला माहीत आहे. जाडजूड, जुन्या घडणीचे तपकिरी दाणे. एकेक दाणा त्यांनी मीटरला लावला. एक हजार चाळीस, एक हजार साठ, एक हजार पंचेचाळीस. "मर्यादेत आहे," म्हणायचे आणि बसवायचे. नऊच्या नऊ बसवून झाल्यावर आम्ही प्रत्येक दोरी ओढून पाहिली. ज्याचा त्याचा दिवा लागला. आठ नंबरची दोरी वहिनींनी स्वतः ओढली, आणि टेबलावरची बाई ओरडली, "आठ!" वहिनी लहान मुलीसारख्या हसल्या. पुन्हा ओढली. पुन्हा "आठ!" आम्हाला सगळ्यांना फार बरं वाटलं.

त्यानंतर बरेच महिने सुखाचे गेले. भिंत मात्र आतून ओलीच होती. रंगाला पोपडे यायचे, वास यायचा, आणि नळवाला येऊन नुसता मान हलवून जायचा.

आणि मग ती दुपार आली.

जेवणं झाली होती. वरच्या टेबलावर भिंगरी होती. भिंगरी म्हणजे आमची सगळ्यांत लहान परिचारिका. एका जागी बसणं तिला ठाऊक नाही, म्हणून ते नाव. नर्सिंगच्या मोठ्या शिक्षणासाठी तिची निवड चालली होती आणि आमच्या साहेबांच्या शिफारशीवर सगळं अवलंबून होतं. घंटी वाजली. बोर्डावर नऊचा दिवा. ती धावत नवात गेली. तिथले आजोबा घोरत पडलेले. त्यांना झोपेत दोरी ओढायची खोडच होती, अख्ख्या मजल्याला माहीत होतं. तिने दोरी त्यांच्या हातापासून दूर अडकवली आणि परत आली. पुन्हा घंटी. पुन्हा नऊ. ती परत धावली, या वेळी आजोबांना उठवलं, काय हवंय विचारलं, ते चिडले, तिने समजूत घातली. येताना जाताना आठ नंबरचं दार लोटलेलंच होतं. तिसऱ्यांदा घंटी वाजली नाही. पाण्याचं भांडं घेऊन ती आठात गेली ती नंतर, तिच्या नेहमीच्या फेरीला. वहिनींनी एकटीनेच पाणी प्यायचा प्रयत्न केला होता. घोट श्वासात गेला होता. दोरी हातात होती.

मी वर पोचले तेव्हा मीटरभाऊ खाटेपाशी उभे होते आणि त्या मुठीतून दोरी सोडवत होते. एकेक बोट. कुणालाही हात लावू देत नव्हते.

भिंगरी रडत एकच सांगत होती. "नऊ लागला होता. मी धावले. दोन्ही वेळा नऊच होता." मीटरभाऊंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आठ आणि नऊ वाचता येत नाहीत तर टेबलावर बसावं कशाला?"

साहेबांनी चौकशी लावली. त्याआधी भिंत एकदाची फोडून नळ बदलला, खोली रंगवायची म्हणून गरम हवेचे मोठे पंखे लावून भिंत खडखडीत वाळवली, आणि मग सगळ्यांसमोर दोरी ओढून पाहिली. आठचा दिवा लागला. पुन्हा ओढली. आठ. साहेबांनी मीटरभाऊंना विचारलं, "घंटीत दोष असू शकेल का?" ते म्हणाले, "नाही. एकेक दाणा मोजून मी बसवलाय. सगळे मर्यादेत आहेत."

झालं. पोरीवर शिक्का बसला. महिनाअखेरीला तिला जायला सांगितलं, आणि शिफारशीच्या जागी काय लिहिलं जाणार ते उघडच होतं. तोवर रुग्णांजवळ नको म्हणून तिला माझ्याकडे घड्या घालायला पाठवलं. जी पोर दिवसभर नाचायची, ती माझ्या खोलीत दगडासारखी बसायची. एकदा मला म्हणाली, "मावशी, मला आता खरंच वाटायला लागलंय की आठच होता. मीच नऊ पाहिला. माझ्या डोळ्यांनीच त्यांना मारलं."

माझा पारा चढला. कोणावर ते कळेना, पण चढला. मी उठले आणि तडक पलीकडच्या खोलीत गेले. मीटरभाऊ अंधारात बसले होते. दाढी वाढलेली. बायकोचं दुःख मला दिसत नव्हतं असं नाही, पण जिवंत माणसाचंही कुणीतरी बघायला हवं ना!

"भाऊ, ती पोर खोटं बोलत नाही."

"बोर्ड खोटं बोलत नाही, ताई."

"मेला तुमचा तो बोर्ड! एवढ्या एवढ्या गोष्टीला 'बघू' म्हणता, पंख्याच्या बटणाला मीटर लावता, आणि एका मुलीचं आयुष्य जातंय तिथे बघायचं नाही? की बघायची भीती वाटते?"

ते उठले. मला वाटलं आता मला बाहेर काढणार. ते पान्हे घेऊन वर गेले.

मी मागोमाग गेले. आठ नंबरची खोली रिकामी होती, गादी उचललेली, नुसती लोखंडी खाट. त्यांनी पेटी उघडली आणि साखळीच्या दोन टोकांना मीटर लावलं. दाण्यांना नव्हे, अख्ख्या साखळीला, टेबलापासून आठ नंबरपर्यंत. आकडा आला आठ हजार चारशे चाळीस.

"मग? आठच ना?" मी विचारलं.

त्यांनी वायरी काढून पुन्हा लावल्या, तोच आकडा आला. मग म्हणाले, "बोर्ड साडेआठ हजारांपर्यंत आठ दाखवतो. त्याच्या पुढे गेलं की नऊ. आठाचा आकडा सात आणि नवाच्या मधोमध असेल असं मी धरून चाललो होतो. हा तर काठावर उभा आहे."

मग त्यांनी पेटीतल्या दाण्यावर बॅटरी मारली. मीही वाकून पाहिलं. तपकिरी, काळा, लाल. आणि कडेला पट्टा. सोनेरी नव्हता. चंदेरी होता.

मला कळायला थोडा वेळ लागला. त्यांना लागला नाही. ते खाटेच्या कडेवर बसले. खडूचा तुकडा खिशात असायचाच, त्याने फरशीवर लिहायला लागले. सोनेरी असता तर एकेक दाणा जास्तीत जास्त एक हजार पन्नास. आठ दाणे, आठ हजार चारशे. साडेआठच्या आत. सगळे दाणे एकाच वेळी वाईटात वाईट निघाले असते तरी आठचा नऊ झाला नसता. ज्याने ही घंटी मुळात बांधली त्याने नऊ खोल्यांना सोनेरी पट्टा उगाच निवडला नव्हता. मग खाली दुसरी ओळ लिहिली. चंदेरी, एकेक अकराशेपर्यंत. आठ दाणे, आठ हजार आठशे. मर्यादेच्या तीनशे पुढे. आणि प्रत्येक दाणा तरीही निर्दोष.

"पण दाणे थोडे जास्त, थोडे कमी, असे मिसळून भरपाई होत असेल ना?" मी विचारलं. पट्ट्या जोडून पडदा शिवताना माझा नेहमी तोच भरवसा.

"वेगवेगळ्या ठिकाणचे असते तर झाली असती. हे एकाच पाकिटातले. सगळे एकाच बाजूला झुकलेले होते, ताई. हजार चाळीस, हजार साठ. मी डोळ्यांनी पाहिलं, तोंडाने वाचलं. एकही हजाराच्या खालचा नव्हता. आणि बेरीज केली नाही." त्यांनी दाण्यावर बोट ठेवलं. "असले जुने कार्बनचे दाणे ओलावा पितात. पितात आणि वाढतात. भिंत ओली होती तेव्हा आणखी वर गेले असतील. एकेक थोडासाच. दहा-पंधरा ओहम. आता भिंत वाळली, परत खाली आले. म्हणून साहेबांना आठ दिसला."

एकच पडदा डोळ्यांपुढे आला. एकदा नऊ पट्ट्यांचा पडदा शिवला होता, प्रत्येक पट्टी केसभर मोठी, आणि टांगला तर जमिनीवर लोळत होता. मी तो उसवून पुन्हा शिवला. माझं काम उसवता येतं.

"सोनेरी यायचे होते," ते खडू बोटांनी चुरत म्हणाले. "तिला भीती वाटत होती म्हणून मी थांबलो नाही."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आवरेना. मी म्हटलं, "भाऊ, हे माझ्यात आणि तुमच्यात राहू दे असं मी म्हणणार नाही. त्या पोरीसाठी म्हणणार नाही."

"मी कुठे म्हणतोय," ते म्हणाले.

नुसत्या हिशेबावर साहेब विश्वास ठेवतीलच असं नव्हतं. म्हणून त्यांनी नऊही दाणे काढले, एका पट्टीवर त्याच क्रमाने जोडले आणि ती पट्टी धुलाईघरात टांगली, जिथे दिवसभर वाफ असते आणि माझ्या चादरी कधी धड वाळत नाहीत. रोज येऊन आठव्या दाण्यापर्यंत मोजायचे. आकडा मुंगीच्या पावलांनी चढत होता. मला वाटायचं चढू दे, त्या मुलीची सुटका होऊ दे. आणि त्यांच्याकडे पाहिलं की वाटायचं, देवा, चढू देऊ नको. असलं मन मी पूर्वी कधी अनुभवलं नव्हतं.

आकडा साडेआठ हजारांच्या पुढे गेला तेव्हा त्यांनी साहेबांना बोलावलं. पट्टी बोर्डाला जोडली. साहेबांनी स्वतः आठ नंबरचं टोक जुळवलं. घंटी वाजली. बोर्डावर नऊचा दिवा लागला. सातचं टोक जुळवलं, बरोबर सात. पुन्हा आठ, पुन्हा नऊ. दाराशी उभी असलेली भिंगरी पुढे आली आणि तिने नऊच्या दिव्यावर बोट ठेवलं.

मीटरभाऊ साहेबांना म्हणाले, "एकेक दाणा आत्तासुद्धा मर्यादेत आहे. मोजून बघा. मी तुम्हाला खोटं सांगितलं नव्हतं. पण अपुरं सांगितलं. या मुलीने नऊ पाहिला, कारण नऊच लागला होता. साखळी मी बसवली. जे लिहायचं ते माझ्या नावाने लिहा."

साहेब भला माणूस. काही लिहिलं नाही. "तुमची शिक्षा तुम्हाला मिळून गेली," असं काहीसं म्हणाले, आणि भिंगरीची शिफारस त्याच दिवशी रवाना केली. सगळ्यांनी तिला जवळ घेतलं. मी तर तिला चांगली फटकावली आणि मग मिठी मारली. त्या गडबडीत मीटरभाऊ कधी निघून गेले ते कुणालाच कळलं नाही.

सोनेरी पट्ट्याचे दाणे शेवटी आले. त्यांनी ते बसवले. या वेळी एकेक मोजला, मग बेरीज केली, मग वाईटात वाईट धरून पुन्हा बेरीज केली. काम झाल्यावर माझ्या खोलीत आले. भिंगरी तिच्या निरोपाच्या कपड्यांना बटणं लावून घेत बसली होती. त्या दुपारनंतर ते पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलले.

"पोरी, एक काम करशील? टेबलावर बस. मी दोऱ्या ओढतो, तू आकडे मोठ्याने वाच. तुझे डोळे पक्के आहेत."

ती कपडे बाजूला ठेवून निघाली. मी मागून गेले, कारण मला दोघांचीही काळजी वाटत होती. ती टेबलापाशी खुर्चीत बसली. ते पहिल्या खोलीपासून निघाले. "एक!" ती ओरडली. "दोन!" तिचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. "सहा! सात!"

मग थोडा वेळ काहीच वाजलं नाही. ते आठात शिरले असणार.

घंटी वाजली. बोर्डावर आठचा दिवा लागला. भिंगरीने आकडा वाचलाच नाही. ती खुर्ची पाडून उठली आणि धावली, जीव खाऊन धावली. मीही तिच्यामागे. आम्ही दारात पोचलो तेव्हा मीटरभाऊ त्या उघड्या खाटेवर डाव्या कुशीवर आडवे झाले होते, वहिनी जशा असायच्या तसे. मुठीत दोरी तशीच धरलेली. अजून सोडलीही नव्हती.

"काका," ती धापा टाकत म्हणाली, "आठ. आठच लागला."

मग त्यांनी दाराकडे पाहिलं, तिथून दिसणाऱ्या टेबलाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा काही मोडला की मी तोंड फिरवलं.

"इतक्यात आलीस?" ते म्हणाले. "इतकं जवळ आहे?"

भिंगरी खाली बसली आणि त्यांच्या मुठीतून दोरी सोडवू लागली. या वेळी त्यांनी हात लावू दिला.